आपटण्यासाठी बनवलेला खोका

पुण्याहून परत आलेलं पार्सल ताईने अंगणात ठेवलं तेव्हा त्याच्या खालच्या कोपऱ्यातून लाल ठिबकत होतं. शेजारच्या काकूंनी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून मान वर काढली आणि विचारलं, "काय गो, कोंबडं कापून पाठवलंव काय कुणाला?"

ताई हसली नाही. तिने सुरीने पट्टी फाडली. खोक्याचा तळ आपोआप सुटला आणि फुटलेल्या बाटल्या जांभ्या दगडावर पडल्या. आत कोकमाचं आगळ होतं. रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं मिठात घालून जो रस सुटतो तो. रक्ताहून गडद, आणि कपड्यावर पडला तर रक्तापेक्षा चिवट. ज्या बाईने मागवलं होतं तिने पार्सल उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढला होता आणि तो सगळ्यांना दिसेल असा टाकला होता. पांढऱ्या चादरीवर लाल थारोळं, तिच्या बोटात गेलेली काच, मागे किंचाळणारं लहान मूल. खाली लोकांनी लिहिलं होतं, "खून झालाय का?" आणि त्याच्या शेजारी ताईने हौसेने ठेवलेलं आमच्या मालाचं नाव.

एवढ्यावर भागलं नव्हतं. कुरियरच्या गोणीत आमच्या खोक्याखाली दुसऱ्यांची पार्सलं होती. कुणाची लग्नाची साडी, कुणाची पुस्तकं. सगळ्यांना आमचा रंग लागला. कुरियरच्या शाखेतला मॅनेजर फोनवर ओरडला तो मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. रत्नागिरीत काचेच्या बाटलीतला पातळ माल घेणारी तेवढीच एक शाखा होती. तो म्हणाला, "आणखी एक खोका गळू दे, मग तुमचा माल माझ्या दारात नको."

माल बंद म्हणजे ताईचं काम बंद. आणि काम बंद म्हणजे पुन्हा मासळीचा कारखाना. ती तिथे कोलंबी सोलायची, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून, उभ्याने. नखांच्या मुळाशी मांस उघडं पडलेलं मी पाहिलं आहे. रात्री ती हात खोबरेल तेलात बुडवून बसायची आणि कुणी हात लावला तर खेकसायची. तिथून सुटून तिने हा धंदा उभा केला. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "त्या बर्फात परत हात घालणार नाही. मेले तरी नाही."

मी तेव्हा तेवीस वर्षांची, आणि मला वाटायचं की जगातली प्रत्येक गोष्ट नीट लिहिली की सुधारते. यात माझा दोष नाही, घराचा आहे. आमचे बाबा हाताने चालणाऱ्या छापखान्यात काम करायचे आणि उरलेल्या वेळात खलाशांसाठी, बंदरावरच्या हमालांसाठी पत्रकं काढायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. पाटीवर "कमळ" लिहायच्या आधी मी "मालकशाही" लिहिलं असं आई सांगते. आमच्याकडे कागद म्हणजे दगड. नेम धरून मारायचा.

म्हणून ताई म्हणाली, "तू खोक्याचं बघ," तेव्हा मी दगड उचलला.

आधीचा खोका बाजारातून आणलेला साधा होता. तीन पदरी, तपकिरी, कुठल्यातरी बिस्किटांच्या मापाचा. आत चुरगळलेली वर्तमानपत्रं, वर एक आडवी चिकटपट्टी. त्याला चेहरा नव्हता. मी ठरवलं, आपला खोका बोलेल. पूर्ण काळा, त्यावर लाल अक्षरं, चारही बाजूंना मजकूर. एका बाजूला आगळ कसं होतं ते. दुसऱ्या बाजूला ते करणाऱ्या बायांबद्दल. पट्टीसुद्धा छापून घेतली. लांबच लांब रिळावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: "फेकणारा हात कष्टकऱ्याचा नसतो."

ते वाक्य सुचलं तेव्हा मी खोलीत एकटीच मोठ्याने ओरडले होते. इतकं मला ते आवडलं.

एमआयडीसीतला खोकेवाला माझा नमुना बघून म्हणाला, "मॅडम, एवढी शाई पाहिजे तर कागद कशाला, पत्रा घ्या." मला वाटलं माणूस खवचट आहे. तो होताच खवचट, पण त्याच्या बोलण्यात अर्थही होता. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये जो नागमोडी कागद असतो त्याच्या उभ्या कमानींवर सगळी ताकद असते. पूर्ण भरीव छपाई करायची तर छपाईचा रूळ पुठ्ठ्यावर दाबून फिरवावा लागतो, आणि त्या दाबाने कमानी चेपतात. खोका दिसतो तालेवार, आणि उभा राहतो आजाऱ्यासारखा. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी त्याला म्हणाले, "तुम्ही छापा. बाकी आमचं आम्ही बघतो."

काळ्या खोक्यांचा पहिला माल गेला. दुसरा घेऊन मी आणि ताई रिक्षाने शाखेत गेलो. दुपारची वेळ. शटर अर्धं वर, आत पंखा नाही, ट्रकचं तोंड गोडाऊनला लावलेलं. चार-पाच जण माल चढवत होते. सगळे आतल्या गावांतले, कंत्राटावरचे. त्यांच्यात एक थोराड माणूस होता, मानेला पंचा, आणि त्याच्या पाठीवर शर्टावर आमची लाल-काळी पट्टी चिकटवलेली. त्याला ते माहीत नव्हतं. बाकीचे खिदळत होते.

एकजण मला बघून म्हणाला, "आली बघ लिवनारी! ए दादा, तुजी मालकीन आली!"

त्याने पाठीकडे हात नेला, पट्टी ओढून काढली आणि वाचायला लागला. शब्द शब्द जोडत, मोठ्याने. "फेक-णारा हात... कष्ट-कऱ्याचा... नस-तो." मग पुन्हा एकदा, भराभर. आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ह्ये तू लिवलंस?"

"हो."

त्याने उजवा पंजा माझ्या तोंडासमोर धरला. पॅकिंगच्या प्लॅस्टिक पट्टीने तळहात आडवा कापला होता, त्यावर हळद भरलेली. "मंग ह्यो हात कोनाचा गो बाय? सावकाराचा?"

मागे कुणीतरी शिट्टी मारली. मी मागे हटायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मला तसं आजही वाटत नाही. पण मी जे बोलले ते मूर्खपणाचं होतं. मी म्हणाले, "ज्याने आमच्या बाटल्या फोडल्या त्याचा."

त्याने रिक्षातून वरचा खोका उचलला आणि भिंतीवर मारला. डोक्याच्या वरून, दोन्ही हातांनी, नारळ फोडावा तसा. भिंत लाल झाली. दुसरा मारला. काळा पुठ्ठा ओल्या पापडासारखा दुमडला. "हा घे कष्टकऱ्याचा! हा घे!" तो ओरडत होता आणि आता कुणी हसत नव्हतं.

तिसऱ्या खोक्याला त्याने हात घातला तेव्हा ताई त्याच्यावर गेली. तिच्या हातात पट्टी ओढायचं यंत्र होतं, पुढे करवतीसारखं पातं असलेलं. तिने ते त्याच्या दंडावर ओढलं. कातडी उघडली. त्याने झटका दिला, त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. मला आवाज आधी ऐकू आला, मग कळलं की माझा दात होता. मी त्याच्या हाताला चावले. उरलेल्या दातांनी. कोण कुणाला ओढत होतं ते मला सांगता येणार नाही. जमिनीवर आगळ, काच आणि रक्त, आणि आम्ही तिघं त्यात घसरत होतो.

मॅनेजर धावत आला. त्याने शटर खाली ओढलं, बाहेरच्या लोकांनी बघू नये म्हणून. "बंद! तुमचा माल बंद! आणि तू," तो लोडरवर उलटला, "ट्रक सुटायच्या आत माल चढला नाही तर उद्यापासून येऊ नकोस. मालाला वेळ लागला तर पगार मीच कापणार." तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण तोंडातून रक्त येत होतं आणि मला विचार करायला फुरसत नव्हती.

ताईला होती. ती उठली, पदराने हात पुसला आणि मॅनेजरला म्हणाली, "साहेब, मी नवीन खोका आणीन. तुमच्यासमोर आपटा. ह्यालाच आपटायला सांगा. एक थेंब बाहेर आला तर मी परत येणार नाही. नाही आला तर माल घ्यायचा."

"तुम्हाला वेड लागलंय."

"लागलंय. घेणार का सांगा."

लोडर दंड दाबून उभा होता. तो म्हणाला, "आन गो. मी आपटतंय. माज्या हातानं आपटतंय." मॅनेजरने आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "आणा. पण तेवढ्यापुरतंच. मग तोंड दाखवू नका."

घरी बाबांनी माझ्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. कुणी मारलं ते विचारलं नाही. रीळ उचललं, पट्टी हातभर ओढली, वाचली. त्यांची मान थरथरायला लागली. ते असे झाले की आम्ही भांडी दूर करतो.

"कुणासाठी लिहिलंस?"

"गिऱ्हाइकासाठी. लोकांना कळायला पाहिजे की..."

"गिऱ्हाईक कुठे आहे? गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत दाराआड बसलंय. बाहेरचा मजकूर कोण वाचतो? जो उचलतो तो! आमच्या उभ्या जन्मात आम्ही पत्रक लिहायच्या आधी विचारायचो, हे कुणाच्या हातात पडणार. तू ते न विचारता ज्याच्यासाठी पत्रकं काढली त्याच्याच पाठीला चिकटवलंस."

"आणि त्याने माझा दात पाडला त्याचं काय?"

"पाडला ते वाईट केलं. भरपाई त्याच्याकडे माग. पण खोका तो का फेकतो ते आधी विचार. कोण फेकायला लावतो?" त्यांनी रीळ अंगणात भिरकावलं. ते सोडत सोडत फणसाखाली गेलं आणि माझं वाक्य मातीत लांबच लांब पसरलं.

मीही ओरडले. म्हणाले, तुमच्या पत्रकांनी कुठला ट्रक थांबला? आई मध्ये आली. एक तांब्या चेपला. पण मॅनेजरचं ते वाक्य, माल चढला नाही तर उद्यापासून येऊ नकोस, माझ्या दुखऱ्या दातात ठणकत राहिलं. त्या माणसाला खोका खाली ठेवायला वेळच दिलेला नव्हता. ठेवू नकोस असं कुणी म्हणत नव्हतं, ठेवण्याएवढी फुरसत काढून घेतली होती. आणि आपण तशा माणसाला पट्टीवरून सभ्यपणा शिकवत होतो.

मग मी आणि ताईने फेकायला सुरुवात केली.

मिठाचं पाणी भरलेल्या बाटल्या, वेगवेगळे खोके, आणि आमच्या मागच्या दाराच्या जांभ्याच्या पायऱ्या. खोका आपटून पारखायचा नियम माहीत करून घेतला होता. आधी एक कोपरा, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडा, मग सहाही बाजू, छातीच्या उंचीवरून. ताई फेकायची. ती फेकताना मी बाजूला उभी राहायचे, कारण ती मोजून फेकत नव्हती. ती कारखान्यातल्या सुपरवायझरला फेकत होती, त्या व्हिडिओखाली लिहिणाऱ्यांना फेकत होती. "मर!" म्हणायची आणि सोडायची. काच फुटल्याचा आवाज दिवसभर आळीत जायचा.

काकू गडग्यावर कोपर टेकून बसल्या. "कुणाच्या नावानं आपटतंव गो आज?"

"तुमच्या जावयाच्या."

"मंग जोरात आपट. त्या मेल्याला तेवढ्यानं काय व्हनार न्हाय."

पहिले खोके तळातून फाटले. एक आडवी पट्टी, आणि बाटल्यांचं वजन तिच्यावर. मग आम्ही वर आणि खाली मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक अशी लावायला लागलो, इंग्रजी एच अक्षरासारखी. तळ टिकला. पण बाटल्या फुटतच राहिल्या, आणि फुटत होत्या खांद्यापाशी. काच जमिनीवर आपटून फुटत नव्हती. शेजारच्या बाटलीवर आपटून फुटत होती. वर्तमानपत्र पहिल्याच दणक्याला चेपून बसत होतं आणि मग आत बाटल्या एकमेकींना मारत होत्या.

पुठ्ठ्याचे उभे-आडवे खण घातले. खण बाटलीच्या उंचीपेक्षा कमी होते, माना एकमेकींवर आदळल्या. खण झाकणापेक्षा उंच केले. खाली पुठ्ठ्याची गादी, वर गादी, बाटलीला जाळीच्या कागदाची गुंडाळी, आणि खोका असा बेताचा की हलवला तर आवाज येऊ नये. पाच पदरी पुठ्ठा, कमानी उभ्या. तरी एक दिवस सगळं मऊ पडलं. कारण सोपं होतं. आम्ही खोके पडवीत रचले होते आणि आमच्या हवेत पुठ्ठा पाणी पितो. समुद्राच्या दमट वाऱ्याने तो दोन दिवसांत लेचापेचा होतो, आणि धूळ बसलेल्या कागदावर पट्टी धरत नाही. मग खोके माळ्यावर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, हवे तेवढेच खाली.

शेवटी ताईने प्रत्येक बाटली जाड पिशवीत घालून तोंड गरम पट्टीने बंद केलं. मी म्हणाले, "फुटणारच नसेल तर पिशवी कशाला?"

"फुटेल," ती म्हणाली. "एखादी फुटेलच. बाहेर यायची नाही."

छपाई मी पुन्हा केली. आता तपकिरी पुठ्ठा तसाच ठेवला, एकाच लाल रंगात वरच्या बाजूला अर्धं कापलेलं कोकम आणि नाव. चारही बाजू मोकळ्या. पट्टीवर फक्त तेच अर्धं कोकम, थोड्या थोड्या अंतरावर. पत्त्याचं लेबल वरच्या सपाट बाजूला, फटीवर नाही, आणि त्याच्या रेघांवर चकचकीत पट्टी येऊ द्यायची नाही, कारण मग यंत्राला वाचता येत नाही आणि पार्सल भलतीकडे भटकतं. फटीवर एक गोल स्टिकर, उचकटला की फाटणारा, कुणी मध्येच उघडलं तर गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. "जपून हाताळा"चा काचेच्या पेल्याचा स्टिकर मी काढून टाकला. ताई दचकली. "तो तरी राहू दे."

"नाही. विनंती नाही करायची आता."

माझा मजकूर झाकणाच्या आतल्या बाजूला गेला, जिथे तो उघडणाऱ्यालाच दिसतो. तिथे मी लिहिलं की हे पार्सल तुमच्यापर्यंत कंत्राटावरच्या माणसांनी पळत पळत आणलं आहे, त्यांना थांबायची परवानगी नाही, आणि लवकर हवं असं म्हणताना हे आठवा. ताई म्हणाली, असलं वाचून लोक परत मागवणार नाहीत. मी म्हणाले, मग नाही मागवणार. त्यावर आमचं भांडण झालं. मजकूर राहिला.

शाखेत गेलो तेव्हा सगळे वाटच बघत होते. लोडरच्या दंडावर टाके होते, माझ्या तोंडात अर्धा दात. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याने माफी मागितली नाही. मीही त्याच्या हाताच्या चाव्याबद्दल काही बोलले नाही. मी एवढंच म्हणाले, "पट्टीवरचं ते काढलं."

"बघितलं," तो म्हणाला. "आता हो बाजूला."

त्याने खोका उचलला, कोपरा खाली धरून फरशीवर मारला. कडेवर मारला. मग ट्रकच्या फाळक्यावर चढला आणि तिथून डोक्यावर नेऊन फेकला. कोपरा आत गेला, पुठ्ठा फाटला नाही. त्याच्या चेहऱ्यावर घाम आला. दुसरा घेतला, भिंतीवर मारला, त्याच भिंतीवर, जिच्यावरचा डाग चुन्याखालून अजून दिसत होता. पुन्हा उचलला, पुन्हा मारला. बाकीचे मोजत, ओरडत होते. "फोड रं! फोड!" प्रत्येक दणक्याला माझ्या हिरड्यांतून कळ जात होती. ताई डोळे न मिटता बघत होती. तिची बोटं पोटाशी आवळलेली, जुन्या जखमांचे पांढरे वण ताणलेले.

तिसऱ्या खोक्यात आत कच्चकन आवाज आला.

लोडरने खोका हलवला. काच वाजली. मॅनेजर पुढे आला, खाली वाकला, चारही कोपरे हाताने चाचपले. तळ पालथा करून थांबला. आम्ही सगळे त्याच्या बोटांकडे बघत होतो. बोटं कोरडी होती.

"फुटली आहे," तो म्हणाला.

"गळली नाही," ताई म्हणाली. "एक थेंब बाहेर आला तर, असं ठरलं होतं."

मॅनेजरने लोडरकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं तो काहीतरी आडवं बोलेल. लोडर दम खात उभा होता, त्याने पंचाने तोंड पुसलं. "न्हाय गळली," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू." आणि मग मॅनेजरला, जरा वरच्या आवाजात, "पन ट्रक भरायला अर्धा तास जास्त मिळाला असता तर येकपन खोका फेकायला लागला नसता."

मॅनेजरने ते ऐकलं नाही असं दाखवलं. मी ऐकलं. त्यावर मी नंतर लिहिलं, माझ्या नावाने, आणि ते खोक्यावर नाही तर शाखेच्या समोरच्या भिंतीवर चिकटवलं. त्याचं पुढे काय झालं तो वेगळा तंटा आहे, अजून मिटलेला नाही.

त्या दिवशी ताईचा माल घेतला गेला. फुटलेल्या बाटलीचा खोका आणि त्याने आपटलेले दोन्ही आम्ही परत घेतले, बाकीच्यांवर लेबलं लागली. आणि लगेच ट्रकची वेळ झाली. हाका सुरू झाल्या. आमचे खोके फरशीवरून उडायला लागले. एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून ट्रकच्या अंधारात, धाड, धाड, अर्धं कोकम वर, अर्धं कोकम खाली. मी पुढे झाले. काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

ताईने माझं मनगट पकडलं. नखं आत रुतली. तिची नखं आता पूर्ण वाढली होती.

"सोड," मी म्हणाले, "बघ तरी कसे मारतायत."

"मारू दे," ती म्हणाली आणि कान देऊन ऐकत राहिली, एकेक खोका, शेवटचा आत पडेपर्यंत.